एंगेजमेंट सर्व्हेचं मराठी: ‘नाही’ला ‘असहमत’ म्हटलं की काय होतं?

मूळ पोस्ट (एचआर_डेस्क):
कर्मचाऱ्यांचं कामात किती मन आहे ते विचारणाऱ्या सर्व्हेच्या मराठीत भाषांतरकारांनी फार स्वातंत्र्य घेऊ नये. इंग्रजी प्रश्न नकारार्थी असेल तर मराठीही नकारार्थीच हवा. लेबलं प्रमाण मराठीत हवीत: पूर्णपणे असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्णपणे सहमत. उलट भाषांतर करून, म्हणजे मराठी पुन्हा इंग्रजीत आणून, मूळ इंग्रजीशी जुळलं की काम पक्कं. आमच्या मराठी फॉर्मची सरासरी इंग्रजीइतकीच आली, आणखी काय पुरावा हवा?

रेघोटी:
उत्तर लांबणार आहे, कारण या सल्ल्यावर चालून फॉर्म बिघडतात आणि दोष कामगारांच्या माथी येतो.

एकच वाक्य घेऊ. ‘चांगलं काम केलं तरी माझं कौतुक होत नाही.’ उलट भाषांतर करा, इंग्रजीशी तंतोतंत जुळेल. आता ज्याचं कौतुक खरंच होत नाही तो माणूस हे वाचून मनात काय म्हणतो? ‘नाही, होत नाही.’ आपल्याकडे नकारार्थी वाक्याला दुजोरा बहुतेक वेळा ‘नाही’नेच दिला जातो. मनात ‘नाही’ आलेला माणूस पाच चौकटींमध्ये ‘नाही’सारखी दिसणारी चौकट शोधतो, आणि ती असते ‘असहमत’. ‘पूर्णपणे असहमत’ला 1 ते ‘पूर्णपणे सहमत’ला 5 असे गुण असतात; इथे सहमती म्हणजे नाराजी, म्हणजे प्रश्न उलटा, म्हणून स्कोअर `6 - x` ने फिरवला जातो. त्याने 2 वर खूण केली, त्याचे 4 झाले. नाराज माणूस अहवालात खूश दिसतो.

दुसरी चूक बरोबर उलट्या दिशेची. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. मोबाईलवर वाक्य दोन ओळींत मोडतं आणि ‘नाही’ एकटं खाली पडतं. घाईत वाचणारा ‘चांगलं काम... माझं कौतुक’ इथवर वाचून ‘सहमत’ दाबतो. हा खूश माणूस नाराज मोजला जातो.

आता तुमची सरासरी. समजा 200 जण आहेत. 120 खूश, त्यांचा फिरवलेला स्कोअर 4 यायला हवा. 80 नाराज, त्यांचा 2. सरासरी 3.2. खूश लोकांतले 30 जण शेवटचं ‘नाही’ गाळून वाचतात, त्यांचे 2 झाले. नाराजांतले 30 जण मनातल्या ‘नाही’ला ‘असहमत’ समजतात, त्यांचे 4 झाले. आता मोजा: 4 वाले पुन्हा 120, 2 वाले पुन्हा 80. सरासरी 3.2 च. साठ माणसं चुकीच्या रकान्यात गेली आणि तुमच्या पुराव्याला पत्ताही लागला नाही.

एचआर_डेस्क:
हे सगळं ‘समजा’वर उभं आहे. दोन्ही चुका सारख्याच प्रमाणात होतील कशावरून?

रेघोटी:
होतीलच असं नाही. कमीजास्त झाल्या तर सरासरी कुठे तरी सरकेल. मुद्दा एवढाच, की सरासरी जुळली यावरून प्रश्न बरोबर समजला असं ठरत नाही. ते पाहायचं तर त्याच विषयाचा सरळ प्रश्न शेजारी ठेवा, म्हणजे ‘माझ्या कामाची वरिष्ठ दखल घेतात’, आणि दोन्हींचा तक्ता मांडा. दोन्ही प्रश्नांना ‘सहमत’ म्हणणारे किंवा दोन्हींना ‘असहमत’ म्हणणारे किती, ते मोजा. थोडे असणारच. मराठी फॉर्ममध्ये ते इंग्रजीपेक्षा ठळकपणे जास्त असतील, तर भाषांतर तपासायला घ्या. त्या प्रश्नाचा बाकीच्या प्रश्नांच्या बेरजेशी असलेला सहसंबंधही भाषेप्रमाणे वेगळा काढा. फिरवल्यानंतरही तो शून्याजवळ किंवा उणे आला, तर त्या प्रश्नाचा आकडा अहवालात घालू नका.

अक्षरओळख:
मी भाषांतर करते, म्हणून बोलते. आम्हाला एक्सेलमध्ये नुसती वाक्यं येतात. कोणता प्रश्न उलटा मोजला जाणार, फॉर्म कागदावर आहे की मोबाईलवर, सुपरवायझर वाचून दाखवणार का, यातलं काहीही कळवत नाहीत. पैसे शब्दावर आणि मुदत उद्याची. मग कोणी ‘कौतुक होत नाही’चं ‘कौतुक होतं’ करून टाकतं, आणि मोजणीची फाईल तशीच राहते. सरळ झालेला प्रश्न पुन्हा फिरतो आणि अख्ख्या मराठी गटाचा निकाल उलटा लागतो. एका रकान्यात ‘हा उलटा मोजायचा’ एवढं लिहून द्यायला काय जातं?

एचआर_डेस्क:
म्हणूनच तर म्हटलं, स्वातंत्र्य घेऊ नका!

अक्षरओळख:
आणि घेतलं नाही तर वर रेघोटींनी सांगितलं ते होतं. ‘उलटा कोणता’ हेही नुसत्या ‘नाही’वरून ओळखता येत नाही. टीममध्ये मोकळेपणाने बोलायची भीती वाटते का ते मोजणाऱ्या एमी एडमंडसन यांच्या 1999 च्या मोजपट्टीत सात विधानं आहेत, त्यातली तीन उलटी. त्या तिन्हींचं मराठी ‘नाही’शिवाय होतं: चूक झाली की ती माणसाच्या अंगावर येते, वेगळ्या माणसाला दूर ठेवलं जातं, मदत मागणं अवघड जातं. आणि ज्यात ‘कोणीही मुद्दाम माझे प्रयत्न हाणून पाडणार नाही’ असं येतं, ते सरळ मोजायचं आहे. ‘नाही’ दिसलं की फिरवा, असा नियम लावणारा इथे हमखास फसतो.

शिफ्ट_बी:
उपाय सोपा आहे. ‘नाही’ ठळक अक्षरात छापा. आमच्या प्लँटच्या फॉर्मवर तसंच करतात.

रेघोटी:
अर्धा उपाय आहे. ठळक केल्याने ‘नाही’ गाळून वाचणारे सावरतील. पण ज्याने ‘नाही’ नीट वाचलं आणि मनात ‘नाही’च म्हटलं, त्याला ठळक अक्षराचा काय उपयोग? त्याच्यासाठी वाक्यातून ‘नाही’ काढून विरुद्ध अर्थ ठेवावा लागतो: ‘चांगलं काम केलं तरी त्याकडे दुर्लक्ष होतं.’ प्रश्न उलटाच राहिला, मोजणी तीच राहिली. दुजोरा द्यायचा तर ‘हो, होतं’ असंच तोंडातून येतं आणि हात ‘सहमत’कडेच जातो.

एचआर_डेस्क:
‘दुर्लक्ष होतं’ हे ‘कौतुक होत नाही’पेक्षा कडक आहे. कौतुक न करणारा साहेब दुर्लक्षच करतो असं नाही. तुम्ही प्रश्न बदललात.

रेघोटी:
हे मान्य करावं लागेल. थोडा कडक झाला. या वाक्यापुरता तोटा मी पत्करीन, कारण दुसऱ्या बाजूला उत्तरच उलटं लागतंय. पण प्रत्येक वाक्याला असा जोडीचा शब्द मिळत नाही. मिळाला नाही तर प्रश्न सरळ करावा आणि मोजणीच्या फाईलमध्ये त्याच दिवशी नोंद करावी.

कोरा_कागद:
मग उलटे प्रश्न ठेवताच कशाला? गॅलप कंपनीच्या एंगेजमेंटच्या बारा प्रश्नांत एकही उलटा नाही. कामातली एंगेजमेंट मोजणाऱ्या युट्रेक्टच्या मोजपट्टीतही नाही.

एचआर_डेस्क:
कारण लोक न वाचता एका ओळीत ‘सहमत’ मारत जातात. ते पकडायला दुसरं काही नाही.

कोरा_कागद:
ते पकडायला दोन प्रश्न पुरतात, आणि त्यांना स्कोअरमध्ये धरायची गरज नाही. तुम्ही पहारेकऱ्यालाच हजेरीपटावर घेता.

पटतंय_का:
सगळे ‘नाही’च्या मागे लागलेत. खरं दुखणं लेबलांत आहे. ‘तटस्थ’ हा शब्द शॉपफ्लोअरवर मत नसणाऱ्याचा वाटत नाही, बाजू न घेणाऱ्याचा वाटतो. पगारवाढीची बोलणी चालू असताना ‘तटस्थ’ म्हणजे युनियनकडूनही नाही आणि मॅनेजमेंटकडूनही नाही. ठाम मत असलेली माणसं तिथे आडोशाला बसतात. ‘अजिबात पटत नाही, पटत नाही, सांगता येत नाही, पटतं, पूर्ण पटतं’ असं लिहा.

अक्षरओळख:
‘पटतं’ चांगलं आहे, पण ‘सांगता येत नाही’ तर आणखी धोक्याचं. त्यात तीन माणसं बसतात: ज्याला माहीत नाही तो, ज्याचं मत मधलं आहे तो, आणि ज्याला सांगायची सोय नाही तो. तिघांना 3 गुण?

पटतंय_का:
मग ‘थोडं पटतं, थोडं नाही’.

रेघोटी:
तो दुमत असलेला माणूस झाला. मत नसलेला कुठे जाईल? मी ‘माहीत नाही किंवा लागू नाही’ ही चौकट पट्टीच्या बाहेर, रेघ मारून वेगळी ठेवीन आणि तिला गुण देणार नाही. मग मधल्या जागेला ‘थोडं पटतं, थोडं नाही’ चालेल.

एचआर_डेस्क:
कंपनीच्या अधिकृत कागदावर ‘अजिबात पटत नाही’? ही बोलीभाषा झाली. कामगारांना ‘असहमत’ कळत नाही असं समजणं हा त्यांचा अपमान आहे.

पटतंय_का:
अपमान कोण करतंय? त्यांना शब्द कळतो, म्हणूनच ‘तटस्थ’चा राजकीय अर्थही बरोबर कळतो! तुमच्या कागदाचा रुबाब राखायला त्यांचं उत्तर वाया घालवायचं का?

एचआर_डेस्क:
आवाज चढवायची गरज नाही.

शिफ्ट_बी:
आमच्याकडे शब्दच नाहीत, नुसते 1 ते 5 आकडे आहेत. म्हणजे हा वादच नको.

अक्षरओळख:
1 म्हणजे सर्वांत वाईट ना? जेवण आवडलं तर आपण ‘एक नंबर’ म्हणतो, वर्गात पहिला आला म्हणजे 1 ला आला. वाचून दाखवणाऱ्याने 1 म्हणजे काय ते सांगितलं नाही, तर काही लोक उलटी पट्टी धरणारच. प्रत्येक चौकटीला शब्द द्या. आकडे संगणकात राहू देत, फॉर्मवर नकोत.

आणि किती वेळा हे विचारणाऱ्या पट्टीत ‘कधीच’ एकटं छापू नका. ‘काम कधीच संपलं’ याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. ‘कधीच नाही’ असं पूर्ण लिहा. युट्रेक्टमध्ये तर सात पायऱ्या आहेत. तिथे ‘क्वचित’ आणि ‘जवळजवळ कधीच नाही’ यांत खालचं कोणतं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. सातही शब्द चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून, लोकांना क्रमाने लावायला द्या. ज्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल होते, त्यातला एक शब्द बदला.

रेघोटी:
प्रश्नांसाठीही अशीच चाचणी आहे. वेगवेगळ्या शिफ्टमधले सहा-आठ जण घ्या. ‘समजा तुमचा सुपरवायझर चांगल्या कामाला दर वेळी शाबासकी देतो, तर या प्रश्नाला खूण कुठे कराल?’ असं विचारा. मग उलट परिस्थिती सांगून तेच विचारा. बरोबर खूण कोणती ते आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे माणसाला स्वतःच्या साहेबाबद्दल काही बोलावं लागत नाही. दोघेतिघे चुकले तरी वाक्य बदला. उलट भाषांतर कागद तपासतं, वाचणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते नाही.

एचआर_डेस्क:
सहा-आठ जणांची चाचणी करायला हरकत नाही, तेवढं घेतो. पण वाक्य बदललं तर मागच्या वर्षाशी तुलना तुटते, त्याचं काय? पुण्याच्या प्लँटचा आकडा चेन्नईच्या शेजारी ठेवायचा असतो.

कोरा_कागद:
यंदा अर्ध्या लोकांना जुनं वाक्य, अर्ध्यांना नवं. विभागणी चिठ्ठ्या टाकून करा, विभागाप्रमाणे नको. दोन गटांतला फरक कळला की मागच्या आकड्याकडे कसं पाहायचं ते कळेल.

एचआर_डेस्क:
मराठी फॉर्म भरणारे 90 जण आहेत. अर्धे केले तर 45 आणि 45. त्यात कसला फरक दिसणार?

कोरा_कागद:
मोठा असेल तर दिसेल, लहान दिसणार नाही. हे खरं आहे.

रेघोटी:
90 जणांत मी अर्धे करणार नाही. जुनं आणि नवं दोन्ही वाक्यं एकाच फॉर्ममध्ये, एक सुरुवातीला आणि एक शेवटाकडे ठेवीन. एकाच माणसाची दोन उत्तरं मिळतील.

पटतंय_का:
मग तो दुसऱ्या वेळी म्हणेल, हे तर मघाशीच विचारलं की. आणि पहिलं आठवून तेच मारेल.

रेघोटी:
काही जण मारतील. तरी 45 विरुद्ध 45 पेक्षा मला हे बरं वाटतं.