‘देय’ म्हणजे कुणी कुणाला द्यायचं?

गिरणाकाठ
जळगाव एमआयडीसीतल्या एका जॉइंट व्हेंचरमध्ये एचआरला आहे. जर्मन भागीदाराकडून तीन वर्षांसाठी आलेला इंजिनिअर पुढच्या महिन्यात परत चाललाय. त्याचा एक्झिट इंटरव्ह्यूचा आणि क्लिअरन्सचा फॉर्म मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. इंग्रजीतच ठेवा असं कृपया सांगू नका. स्टोअर, टूलरूम, कँटीन, गेस्ट हाउस, गेट अशा सगळ्यांच्या सह्या लागतात आणि त्यातले निम्मे लोक इंग्रजी फॉर्म न वाचताच सही करतात.
एक्झिट इंटरव्ह्यूला ‘निर्गम मुलाखत’ लिहिलं, तर टूलरूमचे आबा म्हणाले, “मुलाखत नोकरी लागताना घेतात, जाताना कशाची?” दुसरा शब्द सुचवा. आणि ‘नो ड्यूज’ला ‘ना-देय प्रमाणपत्र’ चालेल ना?

शब्दसाधक_धुळे
‘निर्गमन संवाद’ करा. ‘ना-देय’ उत्तम आहे, सरकारी कागदांवर रुळलेला शब्द आहे.

पेढीवाले नाना
गिरणाकाठ ताई, ‘ना-देय’च्या खाली रकमेचा रकाना आहे का? त्याला काय नाव दिलंय?

गिरणाकाठ
नाना, ‘देय रक्कम’. का हो?

पेढीवाले नाना
तिथेच फसाल. मी चाळीस वर्षं जिनिंगच्या पेढीवर वह्या लिहिल्या. वहीत ‘येणे’ आणि ‘देणे’ असतं, आणि वही कुणाची ते आधी ठरलेलं असतं. ‘देय’ म्हणजे द्यायचं, पण कुणी ते त्या शब्दात नाही. तुमच्या फॉर्मवर कँटीनवाला लिहिणार ती साहेबानं द्यायची रक्कम. अकाउंट्सवाला तोच कागद कंपनीच्या बाजूनं वाचणार.

गिरणाकाठ
नाना, हे आमच्याकडे घडून गेलंय! गेल्या वर्षी एक फिटर सोडून गेला तेव्हाचा फॉर्म आत्ता काढून बघितला. कँटीननं ‘देय रक्कम’ खाली १,८४० लिहिले होते. ते त्याच्याकडून घ्यायचे होते. अकाउंट्सनं ते त्याच्या शेवटच्या पगारात मिळवून दिले. म्हणजे कापायचे ते दिले, ३,६८० चा फरक. ऑडिटमध्ये निघालं, तोवर तो पुण्याला नोकरीला लागला होता. आम्ही कँटीनवाल्या भाऊंना बोललो होतो, आणि चूक आमच्या शब्दाची होती.

पेढीवाले नाना
त्या भाऊंना सांगा तसं. आता रकाने दोन करा. ‘यांच्याकडून येणे’ आणि ‘यांना देणे’. खाली विभागाचं वाक्य पुरं लिहा: ‘आमच्या विभागाचे यांच्याकडून काही येणे नाही.’ आमच्या पेढीवर याला एकच शब्द होता, बेबाक. हिशोब बेबाक झाला की वहीत आडवी रेघ.

चोपडेकर
नाना, बेबाक म्हणजे निर्भीड. बेबाक मुलाखत, बेबाक मत. हिशोबाशी त्याचा काय संबंध? जर्मन माणसाला निर्भीडपणाचं प्रमाणपत्र देणार का?

पेढीवाले नाना
चोपडेकर भाऊ, ते दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्या बेबाकमधला ‘बाक’ फारसी, म्हणजे भीती. माझा बेबाक ‘बाकी’वरून आलाय, बाकी उरली नाही तो.

शब्दसाधक_धुळे
दोन्ही परकेच! महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला तो याच शब्दांना हटवायला. साडेतीनशे वर्षांनी आपण ते फॉर्मवर परत आणायचे?

केळीबाग_रावेर
आमच्या सोसायटीत बेबाकीचा दाखलाच म्हणतात. माझा अनुभव सांगतो. पीककर्ज पुरं फेडलं, बेबाकी दाखला घेतला, घरी फायलीत ठेवला. दोन वर्षांनी ठिबकसाठी बँकेत गेलो तर सातबाऱ्यावर बोजा तसाच. दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करायची नोंद वेगळी करून घ्यावी लागते, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आमची आई म्हणायची, “आते काहीच देनं-घेनं नही ऱ्हायनं.” पण कागदावर राहिलं होतं.

भाषांतर_भुसावळ
केळीबाग दादांचं उदाहरण इथे तंतोतंत लागतं. क्लिअरन्स फॉर्म हा बेबाकी दाखला, आणि रिलीव्हिंग लेटर म्हणजे बोजा उतरल्याची नोंद. दोन्हींना ‘कार्यमुक्ती’ म्हटलं की सगळ्या सह्या झाल्या म्हणजे माणूस सुटला असं वाटतं. ‘कार्यमुक्ती’ फक्त पत्राला ठेवा.
ताई, एक विचारते. फॉर्मवर ‘नोकरी सोडण्याचे कारण’ असं काही आहे का?

गिरणाकाठ
आहे. ‘राजीनाम्याचे कारण’ असं केलंय.

भाषांतर_भुसावळ
ते आधी काढा. त्याची नेमणूक मूळ कंपनीत आहे ना? मग तो राजीनामा देत नाहीये, डेप्युटेशन संपवून परत चाललाय. त्याच्या सहीच्या कागदावर ‘राजीनामा’ गेला तर उद्या कुणीही विचारेल की नोकरी नक्की कुणाकडे होती आणि सोडली कुणाची. ‘प्रतिनियुक्ती समाप्तीचे कारण’ लिहा.

शब्दसाधक_धुळे
बघा, ‘प्रतिनियुक्ती’ संस्कृतच लागला शेवटी.

भाषांतर_भुसावळ
सरकारी नोकरीतल्या लोकांना कळतो म्हणून घेतला. कारखान्यात कळत नसेल तर ‘डेप्युटेशन’ ठेवा, माझी हरकत नाही.
आता फॉर्मची शेवटची ओळ. तिथे दिशा उलटते. वर विभाग म्हणतात, यांच्याकडून आमचं काही येणं नाही. खाली माणूस लिहून देतो, माझं कंपनीकडून काही येणं नाही. ‘ना-देय’नं दोन्ही झाकली जातात, म्हणून तो शब्द मला धोक्याचा वाटतो. शिवाय इथे ‘कंपनी’ दोन आहेत. मूळ पगार त्याला जर्मनीतून मिळत असेल तर तो हक्क त्यानं चुकूनही सोडता कामा नये. जॉइंट व्हेंचरचं पूर्ण नाव लिहा. ही सही शेवटचे पैसे खात्यात पडल्यावर घ्या, आणि शेजारी इंग्रजी ओळ असू द्या. न वाचता येणाऱ्या भाषेत हक्क सोडल्याची सही कुणाकडूनही घेऊ नये.

चोपडेकर
पीएफचा रकाना उडवा, परदेशी माणसाला पीएफ नसतो.

भाषांतर_भुसावळ
असं सरसकट नाही हो. आपला जर्मनीशी सामाजिक सुरक्षेचा करार आहे. तिकडे वर्गणी चालू असल्याचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज त्यानं आणलं असेल तर इथली कपात होत नाही. करार नसलेल्या देशाचा माणूस उद्या आला तर हाच फॉर्म वापराल. रकाना ठेवा आणि ‘लागू नाही’ला जागा द्या.

अमळनेरची
आमचे सासरे गिरणीत होते. ते ‘फारकत’ म्हणायचे, गिरणीतून फारकत घेतली. लग्नाची फारकत तीच का?

पेढीवाले नाना
तीच, सूनबाई. मूळ फारखत, मोकळं केल्याचा लेखी कागद. भागीदारी मोडतानाही फारखत लिहून घेत. गिरणाकाठ ताईंच्या शेवटच्या ओळीला नेमका हाच शब्द होता आपल्याकडे.

अमळनेरची
पण आज फॉर्मवर फारखत लिहिलं तर त्या साहेबाच्या बायकोला धक्का बसेल!

शब्दसाधक_धुळे
म्हणूनच म्हणतो, ‘मोचनपत्र’.

केळीबाग_रावेर
भाऊ, ‘मोचनपत्र’ आमच्या सोसायटीत वाचून दाखवा, कुणीही सही करणार नाही.

गिरणाकाठ
आज आठही जणांना नवा मसुदा दाखवला. ‘यांच्याकडून येणे’ वाचून कँटीनच्या भाऊंनी न विचारता बरोबर रकान्यात आकडा टाकला. मी त्यांना गेल्या वर्षीच्या चुकीचं सांगून माफी मागितली. गेटवरच्या दादांनी ‘येणे’ खाली ‘ओळखपत्र, हेल्मेट’ लिहिलं, म्हणून पैशांशेजारी ‘वस्तू’ असा रकाना वाढवलाय. नावाला ‘बेबाकी दाखला’ ठेवलं, कारण आठातले सहा जण तो शब्द आधीपासून वापरत होते.
एक्झिट इंटरव्ह्यूची जागा मात्र रिकामीच आहे. ‘निरोपाची बातचीत’ आबांना पटलं, मॅनेजरांना नाही. कुणाला काही सुचतंय का?

चोपडेकर
बेबाक मुलाखत. माझ्या अर्थानं. जाताना तरी माणसानं न भिता बोलावं हाच तिचा हेतू ना?

शब्दसाधक_धुळे
एकाच फॉर्मवर दोन बेबाक? अजिबात नको.