बहिणीला मेकॅनिकल झडप आहे, बाळाचा विचार चाललाय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. धाकट्या बहिणीच्या हृदयाची मायट्रल झडप लहानपणीच्या संधिवाती तापाने खराब झाली, म्हणून चार वर्षांपूर्वी मेकॅनिकल झडप बसवली. रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी 4 मिलिग्रॅम घेते आणि कॅलेंडरवर टिक करते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर 3 च्या आसपास असतो.

डॉक्टर म्हणाले, दिवस राहण्याआधीच सगळं ठरवा, इको करून घ्या. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या गोळीने बाळाच्या नाका-हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो. डोस 5 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर धोका कमी, पण राहतोच. गोळी मनानेच बंद केली तर झडपेवर गुठळी धरते, मग आईच्याच जिवावर बेततं. त्या आठवड्यांत गोळीऐवजी हेपरिनची इंजेक्शनं दिवसातून दोनदा घेता येतात. पण वजनाबरोबर डोस बदलतो, म्हणून रक्तात हेपरिनचा परिणाम पुरेसा आहे का ते बघणारी अँटी-टेन-ए तपासणी वरचेवर लागते. मला खरी भीती इथेच वाटते, कारण डोस कमी पडला तर कळणार कसं?

जळगाव, धुळे किंवा नाशिकला ही तपासणी कुठे होते? हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून बाळंतपण सांभाळतात असं ठिकाण कुठलं? कुणाच्या घरी असं बाळंतपण झालं असेल तर गोळी चालू ठेवली की इंजेक्शनं घेतली, तेवढं कृपया सांगा.