मदत हवी आहे: आठवड्याच्या वहीत 'अभ्यास चांगला झाला' याऐवजी काय लिहू?

दारव्ह्याची_लेक: नमस्कार. पोलीस भरतीच्या लेखीची तयारी गावातल्या अभ्यासिकेत करते. दर रविवारी वहीत आठवड्याचा हिशोब लिहिते. किती तास बसले, काय वाचलं, कसं वाटलं. वही भरत आली. पानोपानी 'टक्केवारी समजली', 'काळ-काम-वेग मस्त झालं' असं आहे, पण सराव पेपरात अंकगणित तिथंच अडकतं. खरंच पुढे जातेय का, हे वहीतून कळावं यासाठी दर रविवारी कोणते आकडे लिहू?

मैदानवाला: ताई, मुलींचं 800 मीटर आहे ना? स्टॉपवॉच लाव, दर रविवारी वेळ लिही. आमची सगळी पोरं तसंच करतात. रस्त्यावर पळू नको, मोजलेल्या मैदानावरच पळ, नाहीतर वेळेला अर्थ नाही.

दारव्ह्याची_लेक: दादा, मैदानाची वही वेगळी आहे. मी लेखीचं विचारत होते.

पुसदकर: सोपं आहे. दर रविवारी 100 गुणांचा एक पेपर सोडवायचा, गुण लिहायचे. गुण वाढले म्हणजे प्रगती.

निवृत्त_मास्तर_अकोला: पुसदकर भाऊ, पेपर हवाच, पण नुसत्या एकूण गुणांवर जाऊ नका. एक पेपर सोपा निघतो, एक अवघड. शिवाय भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून पोरं सगळे गोळे भरतात. चार पर्यायांत अंदाजाने मारलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपोआप बरोबर येतो. ते गुण अभ्यासाचे नाहीत.

बाई, तू असं कर. लेखी प्रत्येक जिल्ह्याची वेगळी होते, त्यामुळे जुने पेपर भरपूर मिळतात. दुसऱ्या जिल्ह्यांचे चार-पाच पेपर बाजूला ठेव, त्यांना सरावात हात लावू नको. रविवारी त्यातले अंकगणिताचे 20 प्रश्न काढ: 10 या आठवड्याच्या धड्यांवरचे, 10 महिनाभरापूर्वी झालेल्या धड्यांवरचे. सगळे सरमिसळ कर. वेळ 25 मिनिटं. पेपरात 100 प्रश्नांना 90 मिनिटं असतात, पण सामान्य ज्ञानाचे प्रश्न भराभर होतात, तो वेळ गणिताला मिळतो. अंदाजाने मारलेल्या प्रश्नापुढे टिंब दे.

उत्तरं तपासायच्या आधी 'किती बरोबर येतील' हे लिही. मग तपास. वहीत चारच आकडे ठेव: वाटले किती, टिंबाविना बरोबर किती, त्यात नवीन किती, जुने किती.

दारव्ह्याची_लेक: सर, काल केलं. वाटले 16. टिंबाविना बरोबर 11. नवीन 8, जुने 3. टक्केवारीचा धडा तर मला पाठ वाटत होता. प्रश्न होता, किंमत 20 टक्के वाढवून नंतर 20 टक्के कमी केली तर काय? मी 'फरक नाही' लिहून आले.

निवृत्त_मास्तर_अकोला: 500 धरून बघ. वाढून 600 झाले. पुढचे 20 टक्के 600 चे, म्हणजे 120 गेले, राहिले 480. चार टक्के घट. व्हिडिओत दुसरा सोडवताना हे सरळ दिसतं, म्हणून समजलं असं वाटतं. तुझ्या वहीतला कामाचा आकडा तो 3 आहे. नवीन शिकणं बरं चाललंय, टिकत नाहीये. म्हणून पुढच्या आठवड्यात नवा धडा अर्धाच घे, आणि रोज जुने पाच प्रश्न उत्तर न बघता सोडव. चुकलेल्या प्रत्येकापुढे एक शब्द लिही: रीत, आकडेमोड की वाचन. रीत जास्त निघाली तर धडा परत कर, आकडेमोड निघाली तर पाढे आणि वर्ग पाठ कर.

पुसदकर: म्हणजे पुढच्या रविवारी 13 आले की सुधारणा झाली?

निवृत्त_मास्तर_अकोला: नाही भाऊ. 20 प्रश्नांत दोन-तीन इकडेतिकडे होतातच. चार रविवारांची बेरीज, 80 पैकी, आधीच्या चारांशी ताडून बघायची.

वेचणीची_घाई: आमच्याकडे कापूस सुरू झाला की दोन-दोन रविवार बसणंच होत नाही. मी नंतर आठवून भरतो, चालते का?

निवृत्त_मास्तर_अकोला: आठवून आकडा लिहू नका. तारीख टाकून रकाना कोरा सोडा, बाजूला 'वेचणी' लिहा. बेरीज चार झालेल्या चाचण्यांची घ्या.

दारव्ह्याची_लेक: आणि चालू घडामोडींचं कसं मोजू? तिथं जुना पेपर कामाचा नाही, त्यातल्या घडामोडी जुन्याच असतात.

निवृत्त_मास्तर_अकोला: त्याला माझ्याकडे पक्की रीत नाही. महिन्याच्या मासिकातून मैत्रिणीनं प्रश्न काढावेत, तू तिला काढून द्यावेस, एवढं करून बघ. पण प्रश्न काढणारी सोपे काढते की अवघड, यावर आकडा हलतो. कोणी हे नीट जमवलं असेल तर इथं लिहा.