मदत हवी आहे: वारीच्या कवितेत एक ओळ अडखळतेय

लेक चौथीत आहे. शाळेत म्हणायला माउलींच्या पालखीच्या पुणे-सासवड टप्प्यावर कविता लिहितोय. ओळीत आठ अक्षरं, पहिल्यापासून एकाआड एक अक्षरावर पाऊल, म्हणजे ओळीला चार पावलं.

दिवे घाट चढे दिंडी,
घाम पुसे, नाही थांब;
टाळ वाजे, पाय चाले,
सासवड अजून लांब.

शेवटच्या ओळीत नऊ अक्षरं झालीत. 'लांब'मधल्या 'ब'वर पाचवं पाऊल पडतं आणि पोरगी तिथेच अडखळते. 'सास्वड' म्हटलं तर जमतं, पण बाई शुद्ध उच्चाराचे गुण कापतील. 'अजून' काढलं तर दमणूकच जाते. सासवड ठेवून एक अक्षर कसं कमी करू? 'थांब'चं यमक बदललं तरी चालेल.