बेल न वाजता कॉल फॉरवर्ड का होतो?

> कधी बेल वाजून कॉल वळतो, कधी फोन वाजतच नाही. असं का?

वळवण्याचं काम हँडसेट करत नाही, नेटवर्क करतं. ‘उत्तर नाही’ या अटीत फोन आधी वाजावाच लागतो; ५ ते ३० सेकंदांची ठरलेली मुदत संपली की कॉल वळतो. फोन नीट बंद केला, तर तो जाता जाता नेटवर्कला तसं कळवतो, म्हणून पुढचा कॉल लगेच वळतो. लिफ्टमध्ये रेंज गेली तर मात्र नेटवर्कला ते कळलेलं नसतं. ते काही सेकंद फोनला हाका मारत राहतं आणि उत्तर आलं नाही की वळवतं. कॉल करणाऱ्याला तेवढा वेळ शांतताच ऐकू येते.

‘बिझी’मध्ये खरी गोम आहे. कॉल वेटिंग चालू असेल तर दुसरा कॉल बिझी धरला जात नाही. तो टूं-टूं करत थांबतो आणि शेवटी ‘उत्तर नाही’च्या नंबरवर जातो. तुम्ही कॉल कापलात, तर बिझीच्या.

रेंज असूनही एकही कॉल वाजत नसेल, तर आधी बिनशर्त फॉरवर्डिंग तपासा:

```
*#21#
```

ते चालू असेल तर ‘उत्तर नाही’, ‘बिझी’ आणि ‘फोन बंद किंवा रेंजबाहेर’ या बाकीच्या तिन्ही अटींची पाळीच येत नाही. आणि तिथे अनोळखी नंबर दिसला, तर ताबडतोब `##21#` करा. ओटीपीचे कॉलही तिकडेच जात असतात.