शब्दचर्चा : ‘बेनिफिशियल ओनर’ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता
अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या बऱ्याच परदेशी कंपन्या दरवर्षी २०-एफ नावाचा अहवाल दाखल करतात. त्यातल्या कंपन्यांवर मराठीत टिपणं लिहायला घेतली आहेत. सध्या अलीबाबाचा अहवाल उघडून बसले आहे. धंद्याचं वर्णन आयटम ४ मध्ये आहे, ते जमलं. आयटम ७ मध्ये मोठ्या भागधारकांचा तक्ता येतो आणि तिथे सगळीकडे ‘बेनिफिशियली ओन्ड’ असं लिहिलेलं असतं. मी ‘लाभार्थी मालक’ लिहिलं, पण वाचताना ते खटकतं. दुसरा शब्द सुचतो का?

वसंतराव
लाभार्थी हाच शब्द बरोबर आहे. माझ्या वडिलांच्या शेअर्सना मी नॉमिनी होतो. ते गेल्यावर शेअर माझ्या नावावर यायला आठ महिने लागले आणि सगळ्या कागदांवर मला लाभार्थीच म्हटलं होतं. नॉमिनीचं नाव वेळेत भरून ठेवा, एवढंच सांगेन.

रेवा
वसंतराव, तुमचा त्रास समजतो, पण इथे गोष्ट वारसाची नाही. मालक हयात आहे, फक्त शेअर नोंदवहीत दुसऱ्याच्या नावावर आहेत. मुक्ता, म्हणूनच ‘लाभार्थी’ नको. तो शब्द ऐकला की कोणाला तरी काहीतरी मिळतंय असं वाटतं. या तक्त्यात लाभांश कोणाच्या खिशात जातो याला काहीच महत्त्व नाही. मत कोण देतो आणि शेअर विकायचं कोण ठरवतो, एवढंच बघतात. माझं मत ‘ताबाधारक’.

सदानंद
रेवा, तुमचं अर्धं बरोबर आहे. अमेरिकी कंपन्यांना लागू असलेल्या १३डी-३ या नियमात खरोखरच मत आणि विक्री या दोनच अधिकारांचा विचार होतो. पण २०-एफ फॉर्मच्या सूचनांमध्ये वेगळी व्याख्या दिली आहे. तिच्यात हे दोन अधिकार आहेतच, शिवाय ‘किंवा मालकीचा आर्थिक लाभ मिळण्याचा अधिकार’ असंही आहे. त्यामुळे या अहवालापुरता ‘लाभ’ पूर्ण हद्दपार करता येत नाही. मी बरीच वर्षं हे अहवाल वाचतो आहे. तक्त्याखालच्या तळटीपेत आकडे कोणत्या नियमाने मोजले ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, आधी ते वाचावं.

शब्द कुठलाही घ्या, पण त्याची जोडी ‘नोंदणीतला मालक’ या शब्दाशी लावा. परदेशी कंपनीचे शेअर अमेरिकेत अनेकदा डिपॉझिटरी पावतीच्या रूपात फिरतात. तेव्हा मूळ शेअर डिपॉझिटरी बँकेसाठी ते सांभाळणाऱ्या कस्टोडियनच्या किंवा नावापुरत्या धारकाच्या, म्हणजे नॉमिनीच्या नावावर असतात; वसंतरावांचा वारसाचा नॉमिनी वेगळा. म्हणून भागधारकांच्या नोंदवहीत सगळ्यात मोठं नाव असंच कोणाचं तरी दिसू शकतं. कंपनी त्याच्या मालकीची आहे असा निष्कर्ष काढणारी टिपणं मी वाचली आहेत.

मुक्ता
मग अशा तक्त्यांतल्या टक्क्यांची बेरीज कधी कधी शंभराच्या वर का जाते? मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय.

सदानंद
चूक नाही. एक काल्पनिक कंपनी घेऊ. एकूण शेअर १०० कोटी. संस्थापकाच्या स्वतःच्या नावावर १० कोटी. त्याच्या ताब्यातल्या एका धारक कंपनीकडे २० कोटी. शिवाय ६० दिवसांत वापरता येतील असे ५ कोटी शेअर्सचे ऑप्शन. तक्त्यात संस्थापकाच्या ओळीत ३५ कोटी येतात, कारण साठ दिवसांत हाती येऊ शकणारे शेअरही आजच त्याचे धरतात. टक्के काढताना तेवढे ५ कोटी एकूण संख्येतही मिळवतात, म्हणजे ३५ भागिले १०५, साधारण ३३.३ टक्के. खाली धारक कंपनीची वेगळी ओळ असते, २० टक्के. तेच २० कोटी शेअर दोनदा आले. त्याखाली ‘सर्व संचालक आणि अधिकारी मिळून’ अशी ओळ असेल तर तिसऱ्यांदा. हा स्तंभ बेरजेसाठी नसतोच, प्रत्येक ओळ स्वतंत्र प्रश्नाचं उत्तर असते.

ओंकार
मी यात एकदा मोठी चूक केली होती. मुखपृष्ठावरची शेअर्सची संख्या घेतली, तिला न्यूयॉर्कच्या भावाने गुणलं आणि कंपनीची किंमत काढली. ती बाजार दाखवत होता त्याच्या बरोबर आठपट आली. न्यूयॉर्कमध्ये विकतात ती डिपॉझिटरी पावती, म्हणजे एडीएस; अलीबाबाची एक एडीएस म्हणजे आठ साधारण शेअर. मुखपृष्ठावर साधारण शेअर होते आणि भाव एडीएसचा. तेव्हापासून प्रमाण आधी शोधतो. मराठीत मी ‘ठेव-पावती’ लिहितो, पण लोक त्याला बँकेची मुदत ठेव समजतात.

रेवा
सदानंदजी, व्याख्येबद्दलचं मान्य. पण मग ‘उपकंपनी’चं काय? अलीबाबाच्या रचनेच्या चित्रात काही चौकटी सरळ रेषांनी जोडलेल्या आहेत आणि काही तुटक रेषांनी. दोन्हींना उपकंपनी म्हणायचं?

सदानंद
नाही, आणि या शब्दावर मी ठाम आहे. न्यूयॉर्कमध्ये विकत मिळतो तो केमन बेटांवर नोंदलेल्या धारक कंपनीतला हिस्सा. तिच्याखाली चीनमधल्या तिच्या पूर्ण मालकीच्या कंपन्या आहेत, त्या उपकंपन्या. पण इंटरनेट सेवेसारख्या काही क्षेत्रांत चीन परदेशी मालकीवर बंधनं घालतो, म्हणून त्या क्षेत्रांतले परवाने चिनी व्यक्तींच्या मालकीच्या वेगळ्या कंपन्यांकडे ठेवलेले असतात. त्यांना ‘व्हीआयई’ म्हणतात. त्यांच्यात धारक कंपनीचा भाग नसतो. कर्ज, मतदानाचं मुखत्यारपत्र, शेअर तारण, शेअर विकत घेण्याचा हक्क, सेवा करार अशा कागदांनी त्या बांधलेल्या असतात. हिशेब मात्र एकत्र धरतात. मी ‘करारबांधील कंपनी’ लिहितो. उपकंपनी म्हटलं की मालकी आली, आणि नेमकी तीच तिथे नाही. करार चिनी न्यायालयात टिकले नाहीत तर काय, हा धोका अहवालातच लिहिलेला असतो.

उपकंपन्यांची यादी परिशिष्ट ८.१ मध्ये मिळते. पण ती अनेकदा महत्त्वाच्या कंपन्यांपुरतीच असते. यादीत नाव नाही म्हणजे कंपनी अस्तित्वात नाही, असं समजू नये.

मुक्ता
आणि अहवालातलं ‘वी’? मी सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं आहे.

सदानंद
फार चांगला प्रश्न. सुरुवातीच्या व्याख्यांच्या पानावर ‘वी’ म्हणजे कोण ते लिहिलेलं असतं, कधी फक्त धारक कंपनी, कधी उपकंपन्यांसह. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, २०२१ मध्ये चिनी कंपन्यांना कळवलं होतं की व्हीआयईच्या कामाबद्दल लिहिताना ‘वी’ किंवा ‘अवर’ वापरू नका, कारण वाचणाऱ्याला आपण त्याच कंपनीचे भागधारक आहोत असं वाटतं. म्हणून मी भाषांतरात सर्वनाम टाळतो आणि प्रत्येक वेळी कंपनीचं नाव लिहितो.

रेवा
इथे ‘आपण’ तर चालणारच नाही, कारण त्यात वाचणाराही आला.

ओंकार
पण नाव प्रत्येक वाक्यात आलं तर टिपण वाचवत नाही. पहिल्या परिच्छेदात ‘आम्ही म्हणजे अमुक’ असं सांगून पुढे ‘आम्ही’ ठेवलं तर?

सदानंद
वाचक पहिला परिच्छेद विसरतो. मी तरी नावच लिहीन.

रेवा
मालकी आणि नियंत्रण वेगळं असतं, याचं याच अहवालात आणखी एक उदाहरण आहे. अलीबाबा पार्टनरशिप या कंपनीतल्या वरिष्ठ लोकांच्या गटाला संचालक मंडळातल्या साध्या बहुमताइतक्या जागांसाठी उमेदवार सुचवण्याचा हक्क आहे, तिच्या सभासदांकडे शेअर कितीही असोत. मालकांच्या तक्त्यातून हे कळत नाही. म्हणून ‘ताबाधारक’ हा शब्द मी मागे घेते, तो या पार्टनरशिपला जास्त शोभेल.

मुक्ता
मग तक्त्यापुरतं ‘हक्कदार मालक’ लिहू का? त्यात मत, विक्री आणि लाभ तिन्ही हक्क बसतात.

सदानंद
साठ दिवसांचे ऑप्शनही बसतात. पण ‘हक्कदार’ म्हटलं की दावा सांगणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, ज्याच्या हाती अजून काही आलेलं नाही. दोन-तीन टिपणांत वापरून बघा आणि वाचणाऱ्यांना काय कळलं ते इथे कळवा.