दहा तास वीज साठवायची तर फ्लो बॅटरीच हवी का? लिथियमचे रॅक वाढवले तर काय बिघडतं?

सोलरवाला_सातारा: फ्लो बॅटरीत, म्हणजे टाकीतल्या द्रवात वीज साठवणाऱ्या बॅटरीत, पॉवर वेगळी आणि एनर्जी वेगळी असते असं सगळे म्हणतात. पण लिथियमचे जास्त रॅक लावले आणि हळूहळू वापरले तरी दहा तास चालतीलच ना? मग ॲसिडच्या टाक्या, पंप, पाइप ही भानगड कशाला? माझं मत, लिथियमच पुरे. पटत नसेल तर कारण सांगा.

घाटघर_फॅन: अहो दादा, पाणी वर चढवून वीज साठवणारं आपलं घाटघरचं केंद्र बघा की. खाली 125 मेगावॉटची दोन मशिनं, म्हणजे 250 मेगावॉट, ती झाली पॉवर. वर तलावात पाणी किती, ती एनर्जी. तलाव मोठा बांधला तर मशीन बदलावं लागत नाही, तेवढ्याच मशिनांवर जास्त तास चालतं. फ्लो बॅटरीत तलावाच्या जागी टाकी आहे इतकंच. टाकी काय, प्लास्टिकचीच असते, हवी तेवढी मोठी करा, खर्च जवळपास शून्य. लिथियम इथे टिकूच शकत नाही.

निशिगंधा: मशीन आणि तलाव हे अगदी बरोबर, पण "खर्च शून्य" हे नाही. तलावात पाऊस पडतो, टाकीत व्हॅनेडियम धातूचं द्रावण विकत घेऊन ओतावं लागतं.

मी व्हॅनेडियमच्या स्टॅकवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे 1 मेगावॉटचा हिशेब मांडते, आकडे ढोबळ धरा. वीज तयार होते ती स्टॅकमध्ये, म्हणजे एकाला एक लावून रचलेल्या सेलच्या गठ्ठ्यात, मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंना कार्बनचं फेल्ट असतं त्यावर. एका चौरस सेंटिमीटरवरून 100 मिलिअँपिअर घेतले आणि सेलचा व्होल्टेज सव्वाच्या आसपास राहिला तर एक किलोवॉटला साधारण 0.8 चौरस मीटर लागतं, म्हणजे 1 मेगावॉटला 800 चौरस मीटर. हे क्षेत्रफळ ठरलं की पॉवर ठरली, टाकीत काहीही असो. आता द्रव. एका युनिटला दोन्ही बाजू मिळून साधारण 50 लिटर धरा. चार तास चालवायचं तर 4,000 युनिट, म्हणजे 2 लाख लिटर, आपल्याकडचे दहा हजार लिटरवाले पाण्याचे टँकर वीस. दहा तास हवे असतील तर पन्नास टँकर. पण स्टॅक तेच 800 चौरस मीटर, पंप तेच, इन्व्हर्टर तोच.

सातारकर दादा, लिथियम दहा तास चालतं, त्यात वाद नाही. पण त्यात ज्या पत्र्यावर माल लेपलेला असतो तोच पत्रा वीज देतो आणि तोच वीज साठवतो. प्रत्येक जादा युनिटासाठी पत्रा, सेपरेटर, डबा, वायरिंग सगळं परत घ्यायचं, आणि दहा तासांच्या संथ वापरात त्या सगळ्या पत्र्याची ताकद बहुतांशी पडून राहते. फ्लोमध्ये जादा तासासाठी फक्त द्रव आणि टाकी घ्यायची.

हिशेबी: निशिगंधाताई, तत्त्व मान्य. पण ग्रिडवाला तत्त्व विकत घेत नाही, युनिटचा दर बघतो. उदाहरणापुरते आकडे धरू, खरे भाव नाहीत हे. स्टॅकची बाजू किलोवॉटला 50,000 रुपये, द्रव आणि टाकी युनिटला 12,000. दोन तासांची बॅटरी केली तर युनिटमागे 25,000 अधिक 12,000, म्हणजे 37,000. दहा तासांची केली तर 5,000 अधिक 12,000, म्हणजे 17,000. छान उतरलं. पण शंभर तास केले तरी 12,000 च्या खाली ते जाणारच नाही. एलएफपी या लिथियम सेलचे भाव 2023 पासून जसे कोसळले तसं बघता अख्खी लिथियम बॅटरी त्या 12,000 च्या खाली आली तर तुमचे तास कितीही वाढवा, दोन्हींच्या खर्चाच्या रेघा एकमेकींना कापणारच नाहीत. आणि व्हॅनेडियमचा भाव 2018 मध्ये कसा भडकला होता ते ज्यांनी खरेदी केली त्यांना विचारा.

वरोराकर: माझ्या शेतावर दोन किलोवॉटचा इन्व्हर्टर आहे, लेड ॲसिडच्या बॅटऱ्या दर तीन वर्षांनी बदलतो, कंटाळलोय. ही टाकीवाली घेतली तर चालेल का, जागा भरपूर आहे आणि जुनं द्रव काढून भरलेलं नवीन ओतता येत असेल तर उत्तमच. मे महिन्यात आमच्याकडे 46 डिग्री असतं, शेड पत्र्याची आहे.

निशिगंधा: काका, घरासाठी नको. दोन किलोवॉटलाही पंप, सेन्सर, गळतीसाठी हौद हे सगळं लागतंच, आणि आत सल्फ्युरिक ॲसिड आहे, ते बादलीने ओतायची वस्तू नाही.

पण तुमच्या 46 डिग्रीने खरी दुखती जागा काढलीत. धन टाकीतलं पूर्ण चार्ज झालेलं पिवळं द्रव 40 डिग्रीच्या वर बराच वेळ राहिलं की त्यातून व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा गाळ बसायला लागतो. तो फेल्टमध्ये अडकतो. डोळ्याला काही दिसत नाही, पण पंपाचा वेग तोच असून स्टॅकच्या दोन टोकांतल्या दाबाचा फरक रोज थोडा चढत जातो. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पंपच बिघडला समजून दोन दिवस घालवले. विदर्भात बसवायची तर द्रव थंड करायची सोय पहिल्या दिवसापासून हवी, आणि तिची वीज बॅटरीच्याच खात्यात टाकायला हवी.

हिशेबी, तुमची तळाची रेघ बरोबर आहे. माझा मुद्दा पुढचा आहे. तो 12,000 चा माल झिजत नाही. दोन्ही बाजूंना व्हॅनेडियमच असल्यामुळे मेंब्रेनमधून इकडचं तिकडे गेलं, एका टाकीची पातळी चढली आणि दुसरीची उतरली, तर दोन्ही टाक्या एकत्र मिसळून परत वाटून घेतल्या की झालं. त्या वेळचा चार्ज जातो, माल जात नाही. ऋण टाकीत हवा शिरली तर मात्र नुसतं मिसळून भागत नाही, रसायन घालून किंवा वेगळ्या सेलमधून समतोल आणावा लागतो, म्हणून वर नायट्रोजन ठेवतात. वीस वर्षांनी स्टॅक भंगारात गेला तरी द्रव विकता येतं.

घाटघर_फॅन: मग लोखंडाची फ्लो बॅटरी घ्या ना, लोखंड तर स्वस्त. तळाची रेघच खाली येईल.

निशिगंधा: येईल, पण तिथे घाटघर लागू पडत नाही. चार्ज होताना लोखंड धातू होऊन स्टॅकमधल्या इलेक्ट्रोडवरच चढतं. त्या पत्र्यावर जेवढा थर मावेल तेवढेच तास. टाकी दुप्पट केली तरी थराची जागा वाढत नाही. नाव फ्लो आहे, पण पॉवर आणि एनर्जी अर्धीच सुटी झालीये.

सोलरवाला_सातारा: हे मला माहीतच नव्हतं. पण मोठ्या प्रमाणावर कुणी खरंच चालवतंय का?

निशिगंधा: चीनमध्ये डालियनला 2022 मध्ये 100 मेगावॉट, 4 लाख युनिटची व्हॅनेडियम बॅटरी ग्रिडला जोडली. म्हणजे चारच तास. माझ्या ढोबळ हिशेबाने तिला दोन कोटी लिटरच्या आसपास द्रव लागत असणार.

हिशेबी: चार तासच ना? मग ज्या दहा तासांसाठी आपण भांडतोय तिथे ती अजून नाहीच. आणि वीज परत किती मिळते ते अजून कुणी बोललंच नाही. पंप आणि सगळं धरून 100 युनिट घातले तर 65 ते 75 हातात येतात, लिथियममध्ये 85 च्या पुढे. सोलरची वीज दुपारी फुकट जात असेल तर चालेल हो, पण विकत घेऊन साठवायची असेल तर तो फरक रोज खिशातून जातो, वीस वर्षं, आणि द्रव विकून तो भरून निघेल का हे वीस वर्षांनंतरच्या व्हॅनेडियमच्या भावावर आहे.

निशिगंधा: फरक आहे, नाकारत नाही. करंट कमी ठेवला तर आकडा सुधारतो, पण मग स्टॅकचं क्षेत्रफळ वाढतं आणि तुमचे 50,000 चे 60,000 होतात. तुमच्या उदाहरणात दहा तासांना ते युनिटमागे फक्त हजार रुपयांनी वाढेल, दोन तासांना पाच हजारांनी. म्हणून लांब तासांसाठी मी मोठा स्टॅक आणि कमी करंट हेच सुचवेन.

हिशेबी: हे पटलं. पण मला जूनचा आकडा दाखवा, थंड करायची वीज धरून, मीटरवरचा. वरोऱ्याच्या पत्र्याच्या शेडखालचा.

वरोराकर: शेड मी देतो, मीटर तुम्ही आणा.